कर कापला, पण नाव कुठे लिहिलं?

"टीडीएस आम्ही कापला आहे, पुढचं तुमचं तुम्ही बघा." आपल्या वाशीम जिल्ह्यात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते ऐकलं की डोकं तापतं. बोलणारे लोक वाईट नसतात. कुणी शिक्षणसंस्थेचे सचिव असतात, कुणी ट्रस्टचे सदर साहब, कुणी मोठ्या ठेकेदाराचे मुनीमजी. त्यांना मनापासून वाटतं की शंभरातले दहा कापून नव्वद हातावर ठेवले की कायद्याचं काम संपलं.

माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. कापणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे, तो कुणालाही जमतो. खरं काम त्यानंतरचं: ती रक्कम सरकारजमा करणं, आणि ती कुणाच्या नावची आहे हे लिहून देणं. यातलं दुसरं काम राहिलं, तर ज्याचे पैसे कापले त्याच्यासाठी ते पैसे गेलेच. पहिलंही राहिलं, तर त्याला कर कापणं म्हणू नका. त्याला आपल्या घरात एक जुना शब्द आहे, अमानत में खयानत.

मी मूळचा मंगरूळपीरचा, इंजिनिअरिंग करून पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. डेटाबेस जुळवणं हा माझा रोजचा धंदा आहे, म्हणून टीडीएसकडेही मी त्याच नजरेनं बघतो. हा सगळा प्रकार म्हणजे तीन नोंदींची जुळणी आहे. पहिली नोंद बँकेतल्या चलनाची: कोणत्या शाखेत, कोणत्या तारखेला, कोणत्या क्रमांकानं, किती रक्कम भरली. दुसरी नोंद पैसे देणाऱ्यानं दर तिमाहीला भरायच्या विवरणपत्राची. पगार सोडून बाकी देण्यांसाठी त्याला 26Q म्हणतात. त्यात प्रत्येक माणसाची एक ओळ असते: त्याचा पॅन, किती रक्कम दिली, कोणत्या कलमाखाली, कोणत्या तारखेला, किती कर कापला, आणि तो कर कोणत्या चलनातून भरला. तिसरी नोंद तुमच्या स्वतःच्या रिटर्नमधली, जिथे तुम्ही म्हणता की माझा इतका कर आधीच कापला गेला आहे, तो वळता करा. पहिल्या दोन नोंदी जुळल्या की तुमच्या 26AS या खातेपत्रकात एक ओळ उमटते आणि तिच्यापुढे `F` हे अक्षर येतं, म्हणजे नोंद पक्की. `U` दिसलं तर जुळणी झालेली नाही: चलन भरलंच नाही किंवा त्याचा तपशील चुकला.

आता यातली मेख बघा. पहिल्या दोन नोंदी लिहिण्याचा अधिकार फक्त पैसे देणाऱ्याकडे आहे. ज्याचे पैसे आहेत त्याला बघता येतं, लिहिता येत नाही. आयकर नियम 37BA सांगतो की वजावट मिळेल ती कापणाऱ्यानं दिलेल्या माहितीच्या आधारावर. म्हणजे तुमच्या हातात बिल आहे, बँकेचं पासबुक आहे, संस्थेचं पत्र आहे, पण संगणकाला यातलं काहीच दिसत नाही. त्याला फक्त ती ओळ दिसते.

एक प्रकरण सांगतो. माझा एक दोस्त, तिशीच्या आतला सिव्हिल इंजिनिअर, वाशीममध्ये स्वतंत्रपणे नकाशे आणि देखरेखीचं काम करतो. २०२४-२५ मध्ये त्याला एका शिक्षणसंस्थेच्या इमारतीचं काम मिळालं. संस्था आपलीच, चालवणारे आपलेच. नाव लिहीत नाही. फी वर्षाला ४,८०,००० रुपये, दर तिमाहीला १,२०,०००. इंजिनिअरची फी व्यावसायिक सेवेत येते, म्हणून १९६१ च्या कायद्याच्या 194J कलमाखाली दहा टक्के कपात. दर तिमाहीला १२,००० कापून १,०८,००० त्याच्या खात्यात यायचे. वर्षात ४८,००० कापले गेले.

त्याचा प्रत्यक्ष कर किती होता? शून्य. त्याची दुसरी कमाई नव्हती. 44ADA कलमाखाली अशा व्यावसायिकाला फीच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. ४,८०,००० चे निम्मे २,४०,०००, आणि त्या वर्षी नव्या करपद्धतीत ३,००,००० पर्यंत कर नव्हता. म्हणजे ४८,००० च्या ४८,००० रुपये परत मिळायला हवे होते. तिशीच्या आतल्या, नुकतं लग्न झालेल्या माणसाला ही रक्कम थोडी नाही.

जुलै २०२५ मध्ये त्यानं 26AS उघडलं, तेव्हा त्यात एकच ओळ होती. पहिली तिमाही, १२,०००, `F`. बाकी तीन तिमाह्यांच्या जागी काहीच नाही. संस्थेत विचारलं तर उत्तर तेच: "कापला आहे बेटा, बघ नीट." शेवटी आम्ही दोघं कागद मागून बसलो तेव्हा कळलं की तीन तिमाह्यांना तीन वेगवेगळे आजार होते. लक्षण मात्र तिघांचं एकच, कोरी जागा.

दुसऱ्या तिमाहीत पैसे भरले होते, विवरणपत्रही भरलं होतं, पण पॅनमधलं एक अक्षर चुकलं होतं. पॅनची रचना ठरलेली असते: पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. चौथं अक्षर व्यक्तीसाठी पी, पाचवं आडनावाचं पहिलं. टंकताना एक अक्षर इकडचं तिकडं झालं आणि जो पॅन तयार झाला तो जर खरोखर कुणाचा असेल, तर तुमचे १२,००० त्या अनोळखी माणसाच्या 26AS मध्ये जाऊन बसतात. तसा पॅन अस्तित्वातच नसेल तर ओळ लटकते, आणि पॅन नसल्याच्या नियमानं वीस टक्के का कापले नाहीत म्हणून संस्थेलाच मागणीची नोटीस निघते. काही ठिकाणी तर पॅन मागण्याचे कष्टसुद्धा घेत नाहीत, त्या रकान्यात सरळ `PANNOTAVBL` लिहून मोकळे होतात. यावर औषध एकच, दुरुस्ती विवरणपत्र. ते संस्थेनंच भरायचं असतं. तुम्ही कितीही अर्ज केले तरी तुमच्या हातून ती ओळ बदलत नाही. एआयएसमध्ये अभिप्राय नोंदवता येतो, पण त्यानं 26AS मध्ये नवी ओळ तयार होत नाही.

तिसऱ्या तिमाहीचा प्रकार जास्त शिकवणारा आहे. तिथे चलन वेळेवर भरलं होतं, पण विवरणपत्र भरलंच नव्हतं. म्हणजे पैसा सरकारच्या तिजोरीत, संस्थेच्या टॅन क्रमांकाखाली, पण कुणाच्याही नावाशिवाय. मुनीमजींना विचारलं, का नाही भरलं? आधी टाळाटाळ झाली. मग खरं बाहेर आलं: "उशीर झाला होता, आता दंड किती बसेल!"

हा दंड समजून घ्या, कारण अर्धी गोष्ट इथेच आहे. ऑक्टोबर ते डिसेंबरचं विवरणपत्र ३१ जानेवारीपर्यंत भरायचं असतं. उशीर झाला तर 234E कलमाखाली रोजचे २०० रुपये शुल्क लागतं, आणि ते भरल्याशिवाय विवरणपत्र देता येत नाही. या संस्थेनं ते १० ऑगस्ट २०२५ ला भरलं. म्हणजे १९१ दिवस, ३८,२०० रुपये. मात्र हे शुल्क त्या विवरणपत्रातल्या एकूण कापलेल्या करापेक्षा जास्त होत नाही. त्या तिमाहीत दोनच माणसांचा मिळून २१,००० कर होता, म्हणून शुल्क २१,००० वर थांबलं. तरीही गंमत बघा. पहिला आठवडा चुकला तेव्हा भरलं असतं तर १,४०० मध्ये भागलं असतं. दंडाच्या भीतीनं जितकं पुढे ढकललं तितका दंड वाढला, आणि कमाल मर्यादा गाठल्यावर तर भरायची घाईच राहिली नाही. आज भरा की सहा महिन्यांनी, शुल्क तेवढंच.

या शुल्काला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं होतं. २०१५ च्या रश्मीकांत कुंडालिया प्रकरणात न्यायालयानं ते वैध ठरवलं. कारण असं दिलं की विवरणपत्र उशिरा आलं तर ज्यांचा कर कापला त्यांची रिटर्न्स वेळेत तपासता येत नाहीत, परतावे अडकतात, आणि खात्यावर जादा कामाचा बोजा पडतो. त्याबद्दलची ही फी आहे. तर्क बरोबर आहे. पण मला त्यात एक गोष्ट खटकते. परतावा अडकतो तो माझ्या दोस्ताचा आणि फी जाते सरकारला. ज्याचं नुकसान झालं त्याच्या हातात या २१,००० मधला एक रुपया येत नाही. परताव्यावर महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळतं ते खरं (ते ठेवायचं की काय करायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं), पण ते उशीर करणाऱ्याच्या खिशातून येत नाही.

चौथी तिमाही सगळ्यात वाईट. जानेवारी ते मार्चचे १२,००० कापले आणि भरलेच नाहीत. मार्चमध्ये कापलेला कर ३० एप्रिलपर्यंत भरायचा असतो, एरवी पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत. त्या वेळी संस्थेच्या खात्यात पैसे कमी होते आणि शिक्षकांचे पगार द्यायचे होते, म्हणून "तात्पुरते" वापरले. उद्देश नेक होता असं मला सांगण्यात आलं. असेलही. पण ते पैसे संस्थेचे नव्हते. ते इंजिनिअरच्या घामाचे होते आणि सरकारात भरायला संस्थेच्या हाती दिलेले होते. कायदाही याकडे साधी दिरंगाई म्हणून बघत नाही. कापून न भरलेल्या रकमेवर महिन्याला दीड टक्का व्याज लागतं, इथे महिन्याला १८० रुपये. आणि १९६१ च्या कायद्याच्या 276B कलमात तीन महिने ते सात वर्षं सक्तमजुरीची तरतूद होती. आपल्याकडे चंद्याच्या पेटीतले शंभर रुपये कुणी "तात्पुरते" वापरले तर मोहल्ल्यात काय होतं ते आठवा. मग इथेच सगळे गप्प का?

या तीन आजारांमधला फरक बाहेरून ओळखायचा कसा? देणाऱ्याकडे तीन गोष्टी मागा, आणि तोंडी नको, लेखी मागा. चलनाची प्रत, ज्यावर बँकशाखेचा सात अंकी बीएसआर कोड, तारीख, चलन क्रमांक आणि रक्कम असते. 26Q भरल्याची पावती. आणि त्यातली तुमची ओळ, पॅनसकट. चलनच नसेल तर पैसे भरलेले नाहीत. चलन आहे आणि पावती नाही, तर नाव लिहिलेलं नाही. दोन्ही आहेत आणि तरी तुमच्याकडे कोरं, तर पॅन किंवा चलनाचा तपशील चुकला आहे. इतकी साधी तपासणी आहे. पण "बघ नीट" म्हणून परत पाठवलेला मुलगा हे विचारत नाही, कारण हे विचारायचं असतं हेच त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आणि फॉर्म 16A मागा. कायद्यानं ते प्रमाणपत्र देणं देणाऱ्यावर बंधनकारक आहे, विवरणपत्राच्या मुदतीनंतर पंधरा दिवसांत. ते ट्रेसेस या सरकारी संकेतस्थळावरून उतरवलेलं असलं पाहिजे, त्यावर प्रमाणपत्र क्रमांक असतो. संस्थेच्या लेटरहेडवर टाईप करून, गोल शिक्का मारून दिलेला "टीडीएस दाखला" मी वाशीममध्ये स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. शिक्का छान होता. पण वजावट त्या कागदावर मिळत नाही, आणि खरं 16A देता येत नाही याचा अर्थच बहुतेक वेळा असा असतो की विवरणपत्र भरलेलं नाही.

आता घेणाऱ्याच्या बाजूचं बोलतो, कारण तिथेही आपल्या पोरांना चुकीच्या गोष्टी पढवल्या जातात. पहिली: "कमाई कमी आहे, रिटर्न कशाला भरतोस, उगाच नोटीस येईल." या सल्ल्यानं किती रुपये सरकारकडेच राहून गेले असतील कोण जाणे. परतावा फक्त रिटर्न भरूनच मिळतो. आणि एका वर्षात टीडीएस आणि टीसीएस मिळून २५,००० किंवा जास्त कापला गेला असेल, तर उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असलं तरी रिटर्न भरणं सक्तीचं आहे. म्हणजे माझ्या दोस्तासाठी नोटिशीचा धोका रिटर्न भरण्यात नव्हता, न भरण्यात होता.

दुसरी: खात्यात आले तेवढेच पैसे उत्पन्न म्हणून दाखवायचे. चूक. बँकेत ४,३२,००० आले म्हणून फी ४,३२,००० होत नाही. कापलेला करसुद्धा तुमचीच कमाई आहे, म्हणून फी ४,८०,००० दाखवायची आणि त्याच रिटर्नमध्ये ४८,००० ची वजावट मागायची. टीडीएसच्या तक्त्यात संस्थेचा टॅन, कापलेली रक्कम आणि त्या कपातीशी संबंधित किती उत्पन्न याच रिटर्नमध्ये दाखवलं, हे लिहावं लागतं. वजावट मागितली आणि तिच्याशी जुळणारं उत्पन्न दाखवलं नाही, तर रिटर्न सदोष ठरवल्याची सूचना येऊ शकते.

तिसरी: 26AS मध्ये दिसतं तेवढंच मागायचं, बाकी विसरायचं. मी इथे ठाम विरोधात आहे. खरोखर कापलं गेलं आहे आणि तुमच्याकडे पुरावा आहे, तर पूर्ण मागा. बेंगळुरूचं प्रक्रिया केंद्र जुळलेल्या भागाची वजावट देईल आणि बाकीची नाकारेल. ती सूचना जपून ठेवा. देणाऱ्यानं दुरुस्ती केली की कलम 154 खाली फेरदुरुस्तीचा अर्ज करता येतो. त्यासाठी ती सूचना ज्या आर्थिक वर्षात निघाली ते संपल्यापासून चार वर्षं मिळतात. आधी मागितलंच नसेल तर नंतर भांडणं कठीण जातं.

माझ्या दोस्तानं हेच केलं. ४,८०,००० ची फी, ४८,००० ची मागणी. पहिल्या फेरीत १२,००० परत आले. तिसऱ्या तिमाहीचं विवरणपत्र ऑगस्टमध्ये आणि दुसऱ्या तिमाहीची पॅन दुरुस्ती सप्टेंबरमध्ये झाल्यावर त्यानं 154 चा अर्ज केला आणि आणखी २४,००० आले. चौथ्या तिमाहीचे १२,००० अजून बाकी आहेत.

त्या १२,००० बद्दल कायदा काय म्हणतो? कलम 205 म्हणतं की जेवढा कर उत्पन्नातून कापला गेला, तेवढा कर पुन्हा त्या माणसाकडून मागायचा नाही. मुंबई उच्च न्यायालयानं २००७ मध्ये यशपाल सहानी प्रकरणात याच कलमाच्या आधारे सांगितलं की मालकानं पगारातून कर कापला आणि भरला नाही, तर वसुली मालकाकडून करा, नोकराकडून नाही. पुढे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानंही २०१५ आणि २०१६ मध्ये अधिकाऱ्यांना तसंच कळवलं. दिल्ली उच्च न्यायालयानं २०२३ च्या संजय सुदन प्रकरणात आणखी एक पाऊल पुढे टाकलं: अशी मागणी पुढच्या वर्षाच्या परताव्यातून आडवाटेनंही वळती करता येणार नाही. तुमच्यापैकी कुणाला अशी मागणीची नोटीस आली असेल तर उत्तरात हे कलम आणि हे निकाल लिहा, पगाराची चिठ्ठी आणि पासबुक जोडा, आणि गुपचूप पैसे भरून टाकू नका.

पण ही ढाल आहे. ती तुमच्याकडून दुसऱ्यांदा वसुली थांबवते. ज्याचा मुळात करच शून्य होता, त्याच्या हातात ती परतावा आणून ठेवत नाही, कारण वजावट देणारं कलम 199 "कापला आणि केंद्र सरकारकडे भरला" असं म्हणतं. म्हणजे जितका माणूस गरीब, तितका हा दोष त्याला जास्त लागतो. मोठ्या पगारवाल्याचा कर वाचतो. छोट्या कमाईवाल्याचे पैसे बुडतात. हा माझा या रचनेवरचा खरा आरोप आहे. पॅन, टॅन, बँक खातं सगळं एकमेकांना जोडलेलं असताना, ज्याचे पैसे कापले त्याला "माझे कापले, हे घ्या बिल आणि बँकेची नोंद" अशी ओळ स्वतः टाकायची सोय द्यायला अडचण कसली? ती ओळ टाकली की उत्तर द्यायची जबाबदारी देणाऱ्यावर जावी. तांत्रिक दृष्ट्या हे अजिबात अवघड नाही, हे मी माझ्या धंद्याच्या अनुभवावरून सांगतो.

एक गोष्ट खास आपल्या घरांची. पॅनवर शेख, आधारवर शैख, दहावीच्या सनदेवर आडनाव आधी आणि नाव नंतर. इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येक कागदावर नवं. यामुळे पॅन आणि आधार जोडले जात नाहीत, आणि १ जुलै २०२३ पासून न जोडलेला पॅन निष्क्रिय धरला जातो. मग दहा टक्क्यांऐवजी वीस टक्के कापायचे, म्हणजे १,२०,००० वर २४,०००, आणि पॅन पुन्हा सक्रिय होईपर्यंत परतावाही नाही. समृद्धी महामार्गाच्या कामावर गाड्या लावणाऱ्या, छोटे ठेके घेणाऱ्या पोरांचे दर तर मुळात एक टक्का. तिथे वीस लागले की नफाच जातो. म्हणून काम घेण्याआधी पोर्टलवर पॅनची स्थिती बघा, आणि नावात फरक असेल तर आधी एक कागद दुरुस्त करून मग जोडा.

मला माहीत आहे, काही बुजुर्ग म्हणतील की संस्था कशाबशा चालतात, कारकून दहावी शिकलेला आहे, सीएची फी परवडत नाही, आणि आपसातली गोष्ट बाहेर नेऊ नये. संस्था गरीब आहे हे कबूल. पण ज्या संस्थेला इमारत बांधता येते, तिला वर्षाला चार विवरणपत्रं भरता येतात. आणि आपसातली गोष्ट आपसात मिटते, हे मी तेव्हा मानेन जेव्हा संस्था स्वतःहून म्हणेल की हे घ्या तुमचे १२,०००, आम्ही व्याजासकट भरले. तोवर "बाहेर नेऊ नको" याचा अर्थ "नुकसान तू सोस" एवढाच होतो. आपल्या संस्थांच्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जातो, टाळ्या वाजतात. पुढच्या सभेत एक प्रश्न विचारा: चारही तिमाह्यांच्या 26Q च्या पावत्या कुठे आहेत?

हे विचारायची घाई आहे, आणि ती मी भीती घालायला सांगत नाही. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला आहे. कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले. टीडीएसची कलमं आता बहुतेक 393 मध्ये एकत्र आली आहेत. जुळणीची पद्धत तीच आहे. पण दुरुस्ती विवरणपत्राची मुदत आवळली: मूळ विवरणपत्र ज्या वर्षात द्यायचं होतं ते वर्ष संपल्यापासून दोन वर्षं. त्यानंतर संस्थेची इच्छा असली तरी पॅनमधलं ते एक अक्षर बदलता येणार नाही. म्हणून तुमचं 26AS वर्षातून एकदा जुलैत नको, दर तिमाहीला उघडा: ऑगस्ट, नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि जूनच्या उत्तरार्धात, कारण 16A ची मुदत तोवर संपलेली असते. ओळ दिसली नाही तर त्याच आठवड्यात पत्र द्या. पुढच्या हप्त्याचं काम अजून तुमच्या हातात असतं, तेव्हाच तुमच्या पत्राला वजन असतं.

माझ्या दोस्तानं शेवटी संस्थेला पोचपावती घेऊन पत्र दिलं, पंधरा दिवस थांबला, आणि मग आयकर खात्याच्या टीडीएस अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार केली. सोबत चार बिलं, चार वेळा आलेल्या १,०८,००० च्या नोंदी दाखवणारं बँकेचं स्टेटमेंट आणि संस्थेचा टॅन जोडला. सदर साहब नाराज आहेत. नव्या मजल्याचं काम त्यांनी दुसऱ्याला दिलं. त्या दुसऱ्यालाही मी ती तीन कागदांची यादी पाठवली आहे.